गाडीच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरणे आणि पातळी ओळखणे

नाशिकमध्ये मार्चच्या अखेरीस ऊन तापू लागले की गाडीच्या बॅटरीतले पाणी हिवाळ्यापेक्षा लवकर कमी होते. ज्यांच्याकडे जुनी, वर सहा बुचे असलेली शिसे-आम्लाची बॅटरी आहे, त्यांनी या दिवसांत महिन्यातून एकदा बॉनेट उघडून आत पाहावे. हे काम अर्ध्या तासाचे आहे. मात्र त्यात दोन चुका वारंवार होताना मी पाहिल्या आहेत. पहिली म्हणजे डिस्टिल्ड वॉटरऐवजी नळाचे किंवा बोअरचे पाणी भरणे, आणि दुसरी म्हणजे पातळी न मोजता कप्पा काठोकाठ भरेपर्यंत पाणी ओतणे. हा लेख ज्यांनी हे काम कधीच केलेले नाही त्यांच्यासाठी आहे आणि तो फक्त बुचे उघडता येणाऱ्या बॅटरीपुरता आहे. आज बाजारात येणाऱ्या अनेक गाड्यांच्या बॅटऱ्या पूर्ण बंद असतात. त्यांचे झाकण पेचकसाने उचकटून पाणी भरण्याचा प्रयत्न कधीही करू नये. अशा काही बॅटऱ्यांवर रंग दाखवणारा एक छोटा गोल डोळा असतो, परंतु तो सहांपैकी एकाच कप्प्याची स्थिती सांगतो, हेही लक्षात ठेवावे.

बॅटरीतून नेमके काय कमी होते

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा स्वतंत्र कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या आणि शिशाच्या ऑक्साइडच्या प्लेटा एकाआड एक उभ्या असतात, दोन प्लेटांच्या मध्ये सेपरेटर म्हणजे पातळ पडदे असतात, आणि हे सर्व पाण्यात मिसळलेल्या गंधकाम्लात बुडलेले असते. गाडी चालू असताना आल्टरनेटर बॅटरी चार्ज करतो. बॅटरी पूर्ण भरल्यानंतरही चार्जिंग चालू राहिले, तर त्या विजेला प्लेटांमध्ये साठायला जागा उरत नाही आणि ती पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायूंत विघटन करू लागते. हे दोन्ही वायू बुचांच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतात. त्याचबरोबर उष्णतेने थोडे पाणी वाफ होऊनही जाते.

या दोन्ही मार्गांनी बाहेर जाते ते केवळ पाणी, आम्ल नव्हे. आम्ल आतच राहते आणि पाणी कमी झाल्यामुळे अधिक तीव्र होते. पाणी भरण्याच्या सगळ्या नियमांच्या मुळाशी हीच एक गोष्ट आहे. पातळी कमी झाली म्हणून दुकानातून ॲसिड आणून ओतणे चुकीचे का, याचे उत्तर त्यात आहे, आणि नळाचे पाणी का चालत नाही याचे उत्तरही त्यातच आहे.

पातळी घसरून प्लेटांचा वरचा भाग उघडा पडला, तर तो भाग हवेशी संपर्क होऊन बिघडतो आणि नंतर पाणी भरले तरी बहुधा पूर्ववत होत नाही. उघड्या पडलेल्या भागाइतकी बॅटरीची ताकद कायमची कमी होते. शिवाय द्रवाच्या वर मोकळी जागा वाढल्याने तिथे हायड्रोजनही अधिक साठतो, त्यामुळे स्फोटाचा धोकाही वाढतो.

नळाचे पाणी का नको

नाशिक शहराला मुख्यतः गंगापूर धरणाचे, म्हणजे गोदावरीचे पाणी मिळते. ते शुद्ध करून, क्लोरिन घालून घरापर्यंत येते आणि पिण्यासाठी चांगले असते. बॅटरीची गरज मात्र पिणाऱ्या माणसाच्या गरजेपेक्षा वेगळी आहे. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, लोह यांपैकी काहीही डोळ्यांना दिसत नाही आणि आपल्या शरीराला त्या प्रमाणात अपाय करत नाही, परंतु बॅटरीत गेल्यावर ते तिथेच मुक्काम करते. पाणी वायू होऊन किंवा वाफ होऊन निघून जाते आणि क्षार मागे राहतात. पुढच्या महिन्यात आपण पुन्हा नळाचे पाणी भरतो, म्हणजे पुन्हा क्षारांची भर पडते. घरातल्या गिझरच्या कॉइलवर पांढरा थर जसा वर्षभरात चढत जातो, तसेच इथे होते. फरक एवढाच की गिझर उघडून साफ करता येतो आणि बॅटरी साफ करता येत नाही.

सिडको, पाथर्डी फाटा किंवा शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींमध्ये अनेक सोसायट्या बोअरच्या पाण्यावरही अवलंबून असतात. दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकातून झिरपून आलेले पाणी नदीच्या पाण्यापेक्षा बहुधा अधिक जड असते आणि बॅटरीसाठी अधिक वाईट ठरते.

या क्षारांपैकी प्रत्येकाचे नुकसान करण्याचे तंत्र निराळे आहे. लोह हे प्लस आणि मायनस प्लेटांमध्ये ये-जा करत राहते आणि प्रत्येक फेरीत थोडी वीज फुकट घालवते, त्यामुळे गाडी उभी असतानाही बॅटरी उतरत जाते. क्लोराइड प्लस प्लेटेच्या शिशाच्या जाळीला कुरतडते. कॅल्शियमचा गंधकाम्लाशी संयोग होऊन कॅल्शियम सल्फेट बनते, आणि ते फारसे विरघळत नसल्याने कणांच्या रूपात साचते. यांपैकी काहीही एका दिवसात होत नाही, म्हणूनच अनेकांना 'आम्ही तर नेहमी नळाचेच पाणी टाकतो, काही झाले नाही' असे वाटत राहते. बॅटरी वेळेआधी संपली की दोष बॅटरीला दिला जातो आणि पाण्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

'आमच्याकडे आर.ओ. आहे, तेच टाकले तर?' असा प्रश्न मला हमखास विचारला जातो. आर.ओ. क्षार पुष्कळ कमी करतो, परंतु पूर्ण काढत नाही, आणि अनेक यंत्रे चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम राखतात किंवा परत मिसळतात. दुकानात मिळणाऱ्या मिनरल वॉटरच्या बाटलीत तर क्षार असतातच. उकळून गार केलेले पाणी म्हणजेही डिस्टिल्ड वॉटर नव्हे, कारण उकळताना वाफ उडून जाते आणि बहुतेक क्षार भांड्यातच राहतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये नेमकी उलट गोष्ट केलेली असते, ती वाफच गार करून गोळा केलेली असते. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी हेही वाफेपासून बनलेले असते, म्हणून ते बॅटरीत भरण्याचा सल्ला काही जण देतात. पण ते धूळ बसलेल्या धातूच्या पन्हळीवरून आणि तांबे-ॲल्युमिनियमच्या नळ्यांवरून वाहत आलेले असते, त्यामुळे मी ते वापरत नाही आणि कोणालाही वापरायला सांगणार नाही.

बॅटरीच्या दुकानांत, पेट्रोल पंपांवर आणि टायर-पंक्चरच्या दुकानांतही डिस्टिल्ड वॉटर किंवा बॅटरी वॉटर या नावाने बाटली मिळते. त्यावर 'डिमिनरलाइज्ड' असे लिहिले असेल तरी चालते, कारण त्यातही क्षार काढून टाकलेले असतात. बॅटरीसाठी वापरायच्या पाण्याचे भारतीय मानक आय.एस. 1069 आहे, त्याचा उल्लेख बाटलीवर असेल तर उत्तम. सील तुटलेली बाटली घेऊ नये. घरी आर.ओ. तपासण्याचे टी.डी.एस. पेन असेल, तर बाटलीतले थोडे पाणी स्वच्छ काचेच्या पेल्यात ओतून पेन बुडवून पाहावे. चांगल्या डिस्टिल्ड वॉटरचा आकडा शून्याच्या आसपास येतो. मी 10 च्या वर आकडा आला तर ती बाटली बॅटरीसाठी वापरत नाही. तेच पेन आपल्या नळाच्या पाण्यात बुडवले की दोन्ही पाण्यांतला फरक समोर दिसतो.

तयारी

बॅटरीत आम्ल आहे आणि तिच्यावर ज्वलनशील वायू आहे, त्यामुळे तयारी हा कामाचाच भाग आहे. काम मोकळ्या हवेत करावे, बंद गॅरेजमध्ये नको. जवळपास कोणी बिडी-सिगारेट ओढत नसावे, आणि आत डोकावून पाहायला काडी किंवा लायटर कधीही वापरू नये, मोबाइलचा किंवा साधा टॉर्च वापरावा. डोळ्यांवर चश्मा किंवा गॉगल आणि हातांत रबरी हातमोजे असावेत. चांगले सुती कपडे घालू नयेत, कारण आम्लाचा बारीक थेंब सुताला लागला तर भोक काही धुण्यांनंतर दिसते. हातातले घड्याळ, अंगठी, कडे काढून ठेवावे. धातूची वस्तू दोन टर्मिनलांना एकाच वेळी टेकली तर ठिणगी उडते आणि ती वस्तू क्षणात तापते.

जवळ बादलीभर साधे पाणी ठेवावे. त्वचेवर किंवा डोळ्यांत द्रव उडाला, तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांच्या बाबतीत किमान पंधरा मिनिटे पाणी मारत राहावे आणि त्यानंतर डॉक्टरांकडे जावे. एका वाटीत खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ठेवावा, तो जमिनीवर किंवा बॅटरीच्या बाहेरच्या भागावर सांडलेले आम्ल निष्प्रभ करायला उपयोगी पडतो. मात्र हे सोड्याचे पाणी कप्प्यात एक थेंबही जाता कामा नये.

साधने थोडी लागतात: 50 मिलीची प्लॅस्टिक सिरिंज किंवा बारीक तोंडाचे प्लॅस्टिक नरसाळे, स्वच्छ जुने फडके, टॉर्च आणि प्लॅस्टिकची पारदर्शक नळी. नरसाळे लोखंडी नसावे, आणि तेल भरायला वापरलेले तर मुळीच नसावे. नळीसाठी हार्डवेअरच्या दुकानातून गवंडी समपातळी पाहायला वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप वीतभर कापून आणावी. वर्गात पाहिलेल्या काचेच्या नळीची आठवण अनेकांना येते, परंतु बारीक काचेच्या नळीत द्रव स्वतःहून काही मिलीमीटर वर चढतो आणि मोजमाप फसते. त्यामानाने प्लॅस्टिकची थोडी रुंद नळी खरे सांगते.

पातळी कशी मोजावी

पातळी पाहण्यापूर्वी तीन गोष्टी जुळवून घ्याव्यात. गाडी समतल जागी असावी, कारण उतारावर एका बाजूचे कप्पे भरलेले आणि दुसऱ्या बाजूचे रिकामे दिसतात. इंजिन बंद होऊन निदान तासभर झालेला असावा, कारण तापलेला द्रव फुगून वर दिसतो. आणि बॅटरी चार्ज झालेली असावी. ही तिसरी अट बहुतेकांना ठाऊक नसते. बॅटरी उतरली की द्रवाची पातळी खाली जाते आणि चार्ज होताना वर येते. उतरलेल्या बॅटरीत वरच्या खुणेपर्यंत पाणी भरले, तर चार्ज होताना ते आम्लासह बुचांच्या छिद्रांतून बाहेर येते. म्हणून सकाळी थंड असताना, आदल्या दिवशी लांब फेरी झालेल्या गाडीची पातळी पाहणे सर्वांत चांगले.

ज्या बॅटरीचे खोके अर्धपारदर्शक असते, तिच्या बाजूला वरची आणि खालची अशा दोन रेषा असतात. टॉर्च मागून धरला की द्रवाची कड दिसते. ती दोन रेषांच्या मध्ये असेल तर काम तिथेच थांबते. काळ्या खोक्याची बॅटरी असेल, तर बुचे उघडूनच पाहावे लागते, आणि खरा प्रश्न तिथेच येतो.

बुचे उघडण्यापूर्वी बॅटरीचा वरचा भाग ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. अन्यथा वर साचलेली धूळ थेट कप्प्यात जाते, आणि एवढे जपून आणलेल्या डिस्टिल्ड वॉटरचा उपयोग राहत नाही. त्यानंतर बूच सावकाश फिरवून काढावे आणि स्वच्छ कागदावर क्रमाने ठेवावे. आत टॉर्च टाकला की खाली काळपट प्लेटांच्या कडा आणि त्यांच्या मधले सेपरेटर दिसतात. अनेक बॅटऱ्यांमध्ये बुचाच्या भोकातून एक नळीसारखा गळा आत उतरलेला असतो. द्रव त्या गळ्याच्या खालच्या कडेला टेकला की त्याची पृष्ठभागरेषा तिथे वाकलेली, गोल ताणलेली दिसते, आणि ही खूण डोळ्यांना पटकन कळते. ती दिसणे म्हणजे कप्पा कमाल मर्यादेला पोहोचला. पातळी त्याहून साधारण 3 मिलीमीटर खाली राखणे मी पसंत करतो.

गळा नसेल किंवा काही दिसत नसेल, तर नळी वापरावी. नळी सरळ उभी, हळूच कप्प्यात उतरवावी आणि ती प्लेटांच्या वर, सेपरेटरच्या कडेला टेकली की थांबावे, जोर लावू नये. वरचे टोक बोटाने घट्ट बंद करून नळी उचलावी. नळीत अडकलेला द्रवाचा स्तंभ म्हणजे प्लेटांच्या वर असलेली द्रवाची उंची. तो पट्टीशी धरून पाहावा आणि लगेच बोट सोडून द्रव त्याच कप्प्यात परत सोडावा. एका कप्प्याचा द्रव दुसऱ्यात टाकू नये. हा स्तंभ 10 ते 15 मिलीमीटर असेल तर पातळी ठीक आहे. 10 पेक्षा कमी असेल तर पाणी भरावे. स्तंभ आलाच नाही, तर प्लेटा उघड्या पडल्या आहेत किंवा पडण्याच्या बेतात आहेत.

एक प्रत्यक्ष बॅटरी

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या शेजारच्या काकांच्या जुन्या हॅचबॅकची बॅटरी मी त्यांच्यासोबत तपासली. काका रोज फारशी गाडी चालवत नाहीत, पण आदल्या संध्याकाळी ते त्र्यंबकेश्वरला जाऊन आले होते, म्हणजे गाडी जाऊन-येऊन साधारण दीड तास चालली होती. सकाळी बॅटरीच्या टर्मिनलांवर मीटर लावला तेव्हा 12.6 व्होल्ट आले, म्हणजे ती चार्ज झालेली होती. खोके काळे होते, रेषा दिसत नव्हत्या.

प्लस टर्मिनलपासून कप्पे मोजत गेलो. पहिल्यात नळीतला स्तंभ 6 मिलीमीटर, दुसऱ्यात 5, तिसऱ्यात 5, चौथ्यात 2, पाचव्यात 5 आणि सहाव्यात 6 असा आला. मी हे आकडे कागदावर लिहून घेतले. हे लिहिण्याचा कंटाळा करू नये, कारण एका दिवसाच्या आकड्यांपेक्षा पुढच्या वेळच्या आकड्यांशी त्यांची तुलना अधिक बोलकी असते.

मला सगळ्यांत 12 मिलीमीटर हवे होते. अशा छोट्या बॅटरीत एका कप्प्याचे प्लेटांवरचे क्षेत्रफळ साधारण 35 चौरस सेंटीमीटर धरता येते, म्हणजे एक सेंटीमीटर उंची वाढवायला सुमारे 35 मिली पाणी लागते. पहिल्या आणि सहाव्या कप्प्यात 6 मिलीमीटर वाढवायला 21 मिली, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्यात 7 मिलीमीटरसाठी सुमारे 25 मिली आणि चौथ्यात 10 मिलीमीटरसाठी 35 मिली असा अंदाज निघाला. एकूण 152 मिली. काकांनी आणलेली एक लिटरची बाटली पाहता ते म्हणाले, "एवढंच? मला वाटलं बाटली संपेल." बाटली संपायची गरज नसते. सील उघडलेल्या बाटलीला घट्ट झाकण लावून ती सावलीत ठेवली तर पुढच्या महिन्यात कामाला येते.

अंदाज हा फक्त अंदाज असतो, म्हणून एकदम सगळे पाणी ओतले नाही. सिरिंजमधून आधी 10-15 मिली सोडले, नळीने पुन्हा मोजले, मग उरलेले सोडले. शेवटच्या काही मिलीमीटरला घाई केली की पातळी ओलांडली जाते, आणि जास्त झालेले काढणे हे भरण्यापेक्षा त्रासाचे असते. सिरिंजने जास्तीचा द्रव काढला तर त्याबरोबर आम्लही जाते आणि त्या कप्प्याची ताकद कमी होते. पातळी गळ्याला लागण्याआधीच थांबणे हा त्यावरचा उपाय.

सगळी बुचे परत लावून, वरचा भाग पुसून काकांना मी अर्धा तास गाडी फिरवून आणायला सांगितले. वरून ओतलेले पाणी हलके असल्याने काही वेळ वरच्याच थरात राहते आणि चार्जिंगच्या बुडबुड्यांनी, गाडीच्या हादऱ्यांनी हळूहळू मिसळते. याच कारणाने पाणी भरल्याबरोबर लगेच हायड्रोमीटरने घनता मोजू नये, आकडा खोटा कमी येतो.

चौथ्या कप्प्याबद्दल मी लगेच काही निष्कर्ष काढला नाही. मधले कप्पे दोन्ही बाजूंनी शेजारच्या कप्प्यांनी वेढलेले असल्याने अधिक गरम राहतात आणि थोडे अधिक पाणी घालवतात, हे स्वाभाविक आहे. पण तिसरा आणि चौथा हे दोन्ही मधले असूनही तिसऱ्यात 5 आणि चौथ्यात 2 होते, त्यामुळे शंका राहिली. महिनाभराने पुन्हा मोजले तेव्हा पाच कप्प्यांमध्ये 10 ते 11 मिलीमीटर आणि चौथ्यात 6 होते. एकट्या कप्प्याची अशी वेगाने घट म्हणजे त्या कप्प्यात आतून बिघाड आहे किंवा खोक्याला बारीक तडा आहे. खोक्याच्या बाहेर कुठे ओल नव्हती. हायड्रोमीटरने पाहता बाकीच्या कप्प्यांत घनता 1.250 च्या आसपास आणि चौथ्यात 1.190 होती, म्हणजे चौथा कप्पा बाकीच्यांइतका चार्ज झालेला नव्हता. काकांना मी स्पष्ट सांगितले की पाणी भरत राहिले तरी ही बॅटरी फार दिवस जाणार नाही. पावसाळ्यापूर्वी बॅटरी बदललेली बरी. त्यांनी जूनच्या आरंभी बदलली.

सगळ्याच कप्प्यांत पाणी वारंवार कमी होत असेल तर

एका कप्प्याची घट ही बॅटरीची तक्रार असते, सहाही कप्प्यांची वेगवान घट ही बहुधा चार्जिंगची असते. एक अँपिअर-तास जादा वीज वाया गेली की प्रत्येक कप्प्यातले साधारण एक तृतीयांश ग्रॅम पाणी वायू होते. त्या हिशेबाने 25 मिली पाणी जायला सुमारे 75 अँपिअर-तास जादा चार्जिंग व्हावे लागते. ते काही महिन्यांत सावकाश झाले तर ठीक, पण दर महिन्याला होत असेल तर आल्टरनेटरचा रेग्युलेटर तपासून घ्यावा. इंजिन चालू असताना, दिवे आणि एसी बंद ठेवून टर्मिनलांवर मीटर लावावा. 13.8 ते 14.4 व्होल्टच्या आसपास आकडा योग्य. 14.8 च्या वर सातत्याने राहत असेल, तर पाणी भरण्याने मूळ दुखणे जाणार नाही, गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्यावी.

प्लेटा उघड्या सापडल्या तर

अशा बॅटरीत एकदम पूर्ण पातळीपर्यंत पाणी भरू नये. आधी फक्त प्लेटा झाकल्या जातील एवढेच डिस्टिल्ड वॉटर भरावे, मग बॅटरी चार्जरवर किंवा मोठ्या फेरीत नीट चार्ज करावी आणि गार झाल्यानंतरच उरलेले पाणी मोजून भरावे. घाईने पूर्ण भरलेली बॅटरी चार्ज होताना बुचांतून आम्लमिश्रित पाणी बाहेर सोडते आणि ते खालच्या पत्र्यावर गंज आणते. टर्मिनलांवर पांढरा किंवा निळसर-हिरवा थर दिसू लागला, तर जास्त भरणे हे त्याचे एक कारण असू शकते. हा थर सोड्याच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने साफ करावा, मात्र तेव्हा बुचे घट्ट लावलेली असावीत.

मुंबई-आग्रा मार्गावर कसाऱ्याकडे जाताना गाडी बंद पडली, बॅटरी तपासली आणि प्लेटा उघड्या दिसल्या, अशा वेळी पुढच्या पेट्रोल पंपावर डिस्टिल्ड वॉटर मिळते का, हे आधी विचारावे. ते काही केल्या मिळाले नाही, तर एकदाच पिण्याच्या स्वच्छ पाण्याने प्लेटा झाकून घरी पोहोचणे हे उघड्या प्लेटांनिशी गाडी चालवण्यापेक्षा कमी नुकसानीचे. मात्र त्यानंतर ती बॅटरी निरोगी आहे असे समजू नये. आत गेलेला क्षार परत काढता येत नाही, म्हणून पुढे प्रत्येक वेळी डिस्टिल्ड वॉटरच भरावे आणि ती उभ्या गाडीत पूर्वीपेक्षा लवकर उतरते का, याकडे पाहत राहावे.

किती दिवसांनी पाहावे

मार्च ते जून महिन्यातून एकदा, एरवी दोन महिन्यांतून एकदा पाहणे पुरेसे आहे. तीन वर्षांहून जुनी बॅटरी असेल किंवा गाडी दिवसभर उन्हात उभी राहत असेल, तर मी वर्षभर महिन्याचाच नियम ठेवतो. प्रत्येक वेळी तारीख, सहा कप्प्यांचे आकडे आणि घातलेले पाणी एका वहीत लिहून ठेवावे. बॅटरी घेतल्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर आणि गॅरंटी कार्ड त्या वहीतच असावे. बॅटरी बदलायची वेळ आली की दुकानदाराला हीच वही दाखवता येते. जुनी बॅटरी देताना आतला द्रव गटारात ओतू नये. शिसे परत वापरले जाते, म्हणून जुनी बॅटरी द्रवासकट, बुचे लावलेली, उभी ठेवून त्याच दुकानात परत द्यावी.